रापणीचा व्हिडिओ, माझी पुतणी आणि मी दिलेला 'हो'

दर्याकाठ
दिवाळीच्या सुट्टीत मालवणजवळच्या आमच्या वाडीत गेलो होतो. सकाळी रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: होडीतून जाळं अर्धगोल टाकत जातात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. भरपूर माणसं लागतात, त्यामुळे पोरंटोरं, पाहुणे, पर्यटक, सगळेच हात लावतात. तिथे एक व्लॉगर कॅमेरा घेऊन आला. "शूट केलं तर चालेल ना?" असं त्याने विचारलं. दोर माझ्या हातात होता, मी "हो हो, करा" म्हटलं.

परवा चुलत बहिणीने लिंक पाठवली. व्हिडिओ १९ मिनिटांचा आहे आणि थंबनेलवर माझ्या आठ वर्षांच्या पुतणीचा चेहरा आहे. आत तो तिला नाव विचारतो, शाळा विचारतो, "तुझं घर दाखव ना" म्हणतो, आणि ती उड्या मारत त्याला बेड्यापर्यंत घेऊन जाते. आमचं घर, पाटी, विहीर, सगळं दिसतं. ती खूश आहे, हसते आहे. पावणेदोन लाख लोकांनी पाहिलाय.

वहिनी दोन दिवस नीट जेवलेली नाही. भाऊ म्हणतो, "त्यात काय, वाडीचं नाव झालं." मी व्हिडिओखालच्या रिपोर्टवर टिचकी मारली, 'मुलांची सुरक्षितता' असं काहीतरी निवडलं. काहीच झालं नाही. व्लॉगरला मेसेज केला तर त्याचं उत्तर आलं: "दादा, तुम्हीच परवानगी दिली होती."

मी दिली होती, हे खरं आहे. म्हणूनच विचारतो. त्या 'हो'मध्ये हे सगळं येतं का? आणि आता हे काढायचं कसं?

येवा_कोकणात
तुमी रापणीक हो म्हटलास, पोराक घराकडे नेऊक नाय. त्येका ह्यो फरक कळाक नको?

निवृत्त_मास्तर
घाबरू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि मुलाचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. काका म्हणजे पालक नव्हे. सरळ पोलिसांत जा, व्हिडिओ उद्या खाली उतरेल.

कोर्टाची_पायरी
मास्तर, संमतीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण 'उद्या उतरेल' हे नाही. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्या कायद्याबाहेर ठेवला आहे. जाहिरातींचे पैसे घेणारा व्लॉगर 'घरगुती' कसा, असा वाद मी स्वतः घालीन. पण समोरचा वकीलही काहीतरी घालेलच. आणि हा कायदा दंडाचा आहे, त्याची दाद डेटा संरक्षण मंडळापुढे मागायची असते, पोलीस ठाण्यात नव्हे.

किनाऱ्यावर, बाजारात, एसटी स्टँडवर कॅमेरा चालवणं हा एवढ्यावरच गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ चोरून चित्रण करण्याबद्दल आहे, पण ते खासगी कृतीत असलेल्या स्त्रीच्या चित्रणापुरतं. इथे ते बसत नाही. पोलीस त्या माणसाला फोन करून समज देतील आणि कधी कधी तेवढ्याने काम होतंही, पण त्यावर विसंबू नका.

आमराई
आमच्या होमस्टेचं गेट गूगल नकाशावर दिसतं, येणारे-जाणारे तिथूनच फोटो काढतात. ते कसं काढायचं, कुणी सांगेल का?

सुरंगी
आमराई, स्ट्रीट व्ह्यूमध्ये दिसत असेल तर त्या चित्रातच Report a problem आहे, तिथून घर पुसट करायची विनंती करता येते. एकदा पुसट केलं की ते परत उघडून मिळत नाही, त्यामुळे होमस्टेसाठी दोनदा विचार करा. दारात उभं राहून लोक काढतात त्या फोटोंना मात्र याचा उपयोग नाही.

आता दर्याकाठ यांच्याकडे येते. मी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत सहा वर्षं अशा तक्रारी भरते आहे. व्हिडिओ यूट्यूबवर आहे असं धरून सांगते.

तुम्ही मारलेली टिचकी आणि खासगीपणाची तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत. व्हिडिओखालचा रिपोर्ट हा 'हा मजकूर नियमांत बसत नाही' असं सांगण्यासाठी असतो. तो बघणाऱ्याला तुमच्या व्हिडिओत एक हसरी मुलगी दिसते, नियमबाह्य काही दिसत नाही, आणि तो पुढे जातो. ही मुलगी माझी आहे आणि तिची ओळख उघड झाली आहे, हे सांगायची जागा म्हणजे मदत पानांवरची Privacy Complaint Process.

तिथे पहिली अट अशी की तक्रार ज्याची ओळख उघड झाली त्यानेच करायची. शेजारी, मित्र, मामा, काका यांची तक्रार साधारणपणे घेत नाहीत. लहान मुलासाठी आई-वडील किंवा कायदेशीर पालक करू शकतात. म्हणून ही तक्रार वहिनींनी, स्वतःच्या खात्यावरून करायची. तुम्ही शेजारी बसा, पण नाव त्यांचं.

दुसरी गोष्ट, ते शोधतात 'हीच ती व्यक्ती' असं ओळखता येतं का. चेहरा, आवाज, पूर्ण नाव, पत्ता, फोन, यातलं काय आणि नेमकं कुठे. "संपूर्ण व्हिडिओत आमची मुलगी आहे" असं लिहिलंत तर तक्रार कच्ची राहते. मिनिट-सेकंद लिहा. वही घेऊन बसा आणि व्हिडिओ एकदा आवाज बंद करून, एकदा फक्त ऐकून तपासा. ऐकताना जे सापडतं ते बघताना निसटतं, कारण नाव आणि शाळा कानावर पडतात, दिसत नाहीत.

आणि खालच्या कॉमेंट्स वाचा. कुणी नुसतीच वेळ लिहिली असेल, '९:४०' एवढंच, शब्द काही नाही, तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मुलांकडे वाईट नजरेने बघणारी माणसं एकमेकांना नेमका क्षण दाखवायला अशी वेळ लिहितात, हे २०१९ मध्ये जगभर उघड झालं. त्यानंतर यूट्यूबने मुलं असलेल्या कोट्यवधी व्हिडिओंखालच्या कॉमेंट्स बंद केल्या. तरी व्लॉगमध्ये मधेच येणारं मूल त्यातून सुटू शकतं.

कुडाळची
हे 'ओळखता येतं का' मला चांगलंच भोवलंय. तारकर्लीला मैत्रिणींसोबत पाण्यात होतो, कुणीतरी किनाऱ्याचा 'व्हाइब' म्हणून घेतलेल्या रीलमध्ये मी दोन-अडीच सेकंद आहे. ऑफिसातल्यांनी ओळखलं, मला नको नको झालं. तक्रार केली तर उत्तर आलं की या दृश्यात व्यक्ती स्पष्टपणे ओळखू येत नाही. मला माझी आई पाठमोरी ओळखते हो! पण त्यांच्या लेखी मी गर्दीतला एक ठिपका.

सुरंगी
कुडाळची, तुमचा त्रास खरा आहे आणि त्या चौकटीत तो बसत नाही, हेही खरं आहे. लांबून घेतलेली गर्दी, चेहरा चार दाण्यांएवढा, नाव नाही, तर बहुधा नकारच येतो. कॅमेरा तुमच्यावर झूम होऊन थांबला असेल तर मात्र तेच शब्दांत लिहून पुन्हा तक्रार करा.

पायवाट
मी स्वतः व्लॉग करतो, देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका, ही विनंती. हर्णैच्या लिलावात शंभर माणसं असतात. प्रत्येकाची सही घेत बसलो तर मासळी संपून जाईल. पालखीत, दशावतारात, आठवडा बाजारात लोक दिसणारच. ते नसतील तर उरतं काय, रिकामी जागा?

पण मूल पुढे आलं की मी कॅमेरा खाली घेतो. घर दाखवायला सांगणं तर मला पटतच नाही. या माणसाने ते व्ह्यूजसाठी केलंय, कोकणातलं निरागस पोर म्हटलं की थंबनेल चालतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

दर्याकाठ, एक धंद्यातली गोष्ट सांगतो, ती त्याला सांगा. तो घाबरलाय की व्हिडिओ काढला तर पावणेदोन लाख व्ह्यूज गेले. काढायची गरज नाही. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये भाग कापता येतो किंवा चेहरा पुसट करता येतो आणि लिंक, व्ह्यूज, कॉमेंट्स सगळं तसंच राहतं. हे माहीत नसल्यामुळे निम्मे लोक हट्टाला पेटतात.

निवृत्त_मास्तर
मग त्याला म्हणावं Made for kids वर टिक कर. मुलांचा व्हिडिओ म्हणून तो आपोआप सुरक्षित होईल.

पायवाट
नाही मास्तर, ती टिक बघणाऱ्यांसाठी आहे. व्हिडिओ मुलांनी पाहण्यासाठी बनवला आहे का, एवढंच ती सांगते. व्हिडिओत मूल आहे का, याच्याशी तिचा संबंध नाही. तिने कॉमेंट्स बंद होतील, पण तुमच्या पुतणीचं घर तिथेच राहील.

निवृत्त_मास्तर
हे मला नवीन होतं. धन्यवाद.

दर्याकाठ
सुरंगीताई, काल रात्री वहिनी आणि मी बसलो. यादी अशी झाली: थंबनेल. ४:१५ ते ४:५० दोर ओढताना चेहरा. ९:०५ ते १०:३० नाव, शाळा, वाडीचं नाव, घर. १८:५८ ला शेवटचा टाटा. ऐकताना आणखी एक सापडलं. १२:२० ला ती कुठेच दिसत नाही, पण आजी मागून तिला पूर्ण नावाने हाक मारते. आणि त्याच चॅनेलवर याच भागाचा एक ४० सेकंदांचा शॉर्ट आहे, तो तर आम्ही पाहिलाच नव्हता.

नुसत्या वेळेच्या दोन कॉमेंट्स सापडल्या. वहिनीला मी त्यांचा अर्थ सांगितला नाही. भावाला सांगितला. तो उठून पडवीत जाऊन बसला.

सुरंगी
भावाला सांगितलंत ते बरं केलंत.

शॉर्टची लिंक वेगळी आहे, म्हणून त्याची तक्रारही स्वतंत्र लिंक देऊन करा. फक्त चॅनेलचं नाव दिलं तर चालत नाही. थंबनेलचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करा, कारण आतला चेहरा पुसट केला तरी थंबनेल आपोआप बदलत नाही. हे फार वेळा राहून जातं. आत सगळं झाकलेलं आणि दारावर तोच चेहरा.

तक्रार गेल्यावर व्हिडिओ टाकणाऱ्याला साधारण ४८ तास मिळतात. त्या वेळात त्याने कापलं, पुसट केलं किंवा काढलं तर विषय मिटतो. नाही केलं तर यूट्यूबची माणसं बघतात. तेव्हा संमती होती का, बातमीमूल्य आहे का, व्यक्ती अल्पवयीन आहे का, असं सगळं पाहिलं जातं. वहिनींचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय त्याला कळवत नाहीत. पण तुमच्या बाबतीत तो ओळखेलच, तेवढं धरून चाला.

तो म्हणेल, "मी व्हिडिओ प्रायव्हेट करतो, तक्रार मागे घ्या." ते मान्य करू नका. प्रायव्हेट केलेला व्हिडिओ एका टिचकीत परत सार्वजनिक होतो, म्हणून यूट्यूबसुद्धा तो उपाय धरत नाही.

कोर्टाची_पायरी
यात भर. नकार आला तर थांबू नका. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक जपा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत gac.gov.in वर अपील करता येतं. २०२३ पासून या अपील समित्या आहेत, वकील लागत नाही. कागद मात्र नीट हवेत: लिंक, वेळा, स्क्रीनशॉट, मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत.

आणि 'तुम्हीच परवानगी दिली होती' याला एवढंच उत्तर द्या की परवानगी रापणीच्या शूटिंगला होती, मुलीच्या आई-वडिलांना कुणी विचारलं नव्हतं. जास्त वाद घालू नका, तो मेसेजही उद्या कागद म्हणून लागेल.

भातशेती
मला वेगळं वाटतं, रागावू नका. आमच्या लहानपणी गावात पाहुणा आला की आम्ही पोरंच त्याला घरोघर फिरवायचो. पत्ता विचारला तर हात धरून न्यायचो. त्या पोरीने तेच केलं. आता तिला "अनोळखी माणसाशी बोलू नको" शिकवणार का? मग गाव कसलं राहिलं?

कुडाळची
त्या पाहुण्याच्या मागे तेव्हा पावणेदोन लाख माणसं तुमच्या अंगणात येत नव्हती.

येवा_कोकणात
भातशेतीचा पण खोटा नाय. माझ्या पोरीक मी काय सांगतलंय, कोणाशीय बोल, पण कॅमेरो काढल्यान की "आवशीक इचारा" म्हण. पोरगी आता फोटो काढूक इलेल्या मामाकय तसाच सांगता!

भातशेती
हे चालेल. मामाला मात्र सूट द्या.

दर्याकाठ
बारा दिवसांनी लिहितोय.

तक्रार वहिनीने केली. त्याआधी पायवाट यांनी सांगितलेलं मी व्लॉगरला शांतपणे कळवलं, की व्ह्यूज जाणार नाहीत, भाग कापता येतो. त्याने दुसऱ्याच दिवशी चेहरे पुसट केले आणि "झालं दादा" असा मेसेज केला. आम्ही पाहिलं तर ४:१५ ला ती मान वळवते तिथे पुसट ठिपका बाजूला सरकतो आणि एक-दीड सेकंद चेहरा लख्ख दिसतो. आवाज तर तसाच होता. नाव, शाळा, आजीची हाक, सगळं ऐकू येत होतं. थंबनेलही तेच.

पायवाट
त्याने Face blur वापरलाय. ते साधन चेहरा स्वतः शोधतं, आणि मान वळली, केस आले, लाट उसळली की चुकतं. तिथे Custom blur घेऊन चौकट हाताने ओढावी लागते. आणि पुसट करणं फक्त चित्राला लागतं, आवाजाला नाही. नाव-शाळेचा भाग कापण्याला पर्याय नाही. त्याला सांगा ९:०५ ते १०:३० आणि १२:२० ची हाक सरळ काप. दीड मिनिटाने १९ मिनिटांच्या व्हिडिओचं काही बिघडत नाही.

दर्याकाठ
हेच लिहून पाठवलं, वेळांसकट. यावेळी भावाने स्वतः फोन केला. काय बोलला माहीत नाही, पण आरडाओरडा नव्हता. तीन दिवसांनी दोन्ही भाग कापले गेले, थंबनेलवर आता होडी आहे, शॉर्ट काढून टाकला. कापल्यावर बराच वेळ जुनाच व्हिडिओ दिसत होता, तेव्हा वहिनी परत घाबरली होती. प्रक्रिया पूर्ण व्हायला काही तास लागतात, हे नंतर कळलं.

एक गोष्ट राहिली आहे. कुणीतरी तिसऱ्याच खात्याने तो घर दाखवण्याचा तुकडा उचलून इन्स्टाग्रामवर रील केलंय, वर गाणं लावलंय. हा व्लॉगर म्हणतो, "ते माझं नाही." ते खरं आहे.

सुरंगी
इन्स्टाग्रामचा फॉर्म वेगळा आहे. १३ वर्षांखालच्या मुलाच्या फोटो-व्हिडिओसाठी आई-वडिलांनी भरायचा, खातं नसलं तरी भरता येतो. गाणं लावलेलं असलं तरी चित्र तेच आहे, तेव्हा घराच्या पाटीची वेळ जरूर लिहा. दुसरा रस्ताही आहे: मूळ चित्रण व्लॉगरचं आहे, त्यामुळे कॉपीराइटची तक्रार तो करू शकतो, आणि ती बरेचदा लवकर हलते. त्याला विनंती करून बघा. आत्तापर्यंत त्याने ऐकलंय.

निवृत्त_मास्तर
आणि मुलीला काय सांगितलंत?

दर्याकाठ
मास्तर, तेच अजून जमलेलं नाही. तिने नवीन व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "माझो तोंड कित्याक पुसल्यानी? मी वायट दिसतंय?" वहिनीने तिला जवळ घेतलं. मी म्हटलं, तू नाही गो, माझी चूक झाली. तिला ते पटलेलं नाही.

व्लॉगरने कॉपीराइटची तक्रार करायचं कबूल केलंय. इन्स्टाग्रामचा फॉर्म वहिनी आज रात्री भरते. रीलची लिंक कुणाला मदतीसाठी हवी असेल तर व्यनि करा. इथे टाकत नाही, आणि कृपया शोधून उघडूही नका.